‘यथाशक्ती’च्या पुढे ‘किमान’ लिहू नका

*ताई, मी आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. मंडळात १८० कुटुंबं, बहुतेक दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार भागात राहणारी. गेल्या बुधवारी आमचा एक सभासद हृदयविकाराने गेला. वय ४६, एका खासगी कंपनीची बस चालवायचा. मागे आई, पत्नी, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. घरचे सगळे गावी गेलेत, कार्य तिकडेच आहे. समितीचं म्हणणं, निधन, शोकसभा आणि मदतीचं आवाहन एकाच सूचनेत टाका. ‘यथाशक्ती, किमान ₹१,०००’ असं लिहा आणि देणाऱ्यांची नावं रकमेसह ग्रुपवर द्या. पैसे मोठ्या भावाच्या नंबरवर घ्यायचे, असं भावानेच सुचवलंय. काही जण म्हणतात मयताचाच नंबर द्या, तो सगळ्यांकडे आहे. वहिनींना अजून कुणी काही विचारलेलं नाही. मागच्या एका वेळी जमलेल्या पैशांवरून आमच्यात भांडण झालं होतं, त्याची धास्ती आहे. सूचना मलाच लिहायची आहे. कशी लिहू?*

*— एक चिटणीस, दिवा*

चिटणीसदादा, एक नाही, दोन सूचना लिहा. पहिली आजच जाऊ दे. त्यात माणूस गेल्याचं आणि शोकसभेचं, बस. पैशाचा शब्दही त्यात नको. दुसरी सूचना मदतीची. ती वहिनींशी बोलणं झाल्याशिवाय लिहायलाच बसू नका.

असं का म्हणते ते सांगते. निधनाची सूचना सगळीकडे जाते. ती गावच्या ग्रुपवर जाते, तिथून नातेवाइकांकडे, मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांकडे, त्याच्या कंपनीतल्या ड्रायव्हरांकडे. जिथे जिथे त्याचं नाव पहिल्यांदा ‘निधन’ या शब्दाबरोबर वाचलं जाणार, तिथे तिथे खाली किमान रक्कम आणि खाते क्रमांक असला, तर त्या घराची ओळखच बदलते. दहावीतली मुलगी उद्या शाळेत जाईल तेव्हा तिच्या वडिलांची बातमी आणि तिच्या घरची गरज एकाच कागदावर सगळ्यांनी वाचलेली असेल. हे घर कालपर्यंत मंडळाची वर्गणी देणारं घर होतं. आज त्यांना मदत हवीय की नको, हे तुम्हाला अजून माहीतही नाही.

आता पहिली सूचना. तारीख अशी काढा. बुधवार धरून तेरावा दिवस सोमवारी येतो. घरचे त्या आठवड्यात मुंबईला परततील, मुलांची शाळा आहे. म्हणजे त्या सोमवारनंतरचा रविवार शोकसभेला ठीक. त्याआधीचा रविवार घेऊ नका, कारण तेव्हा घरातलं कुणीच मुंबईत नसेल आणि सुतकात त्यांना यायला लावणं बरं नाही. भाऊ गावी आहे, त्याला फोन करून एवढंच विचारा की हा रविवार चालेल का. वेळ संध्याकाळी ५ ते ६ ठेवा, विरारच्या माणसाला दिव्याहून घरी परतायचं असतं.

मी असा मजकूर करेन:

> दुःखद निधन
>
> आपल्या मंडळाचे सभासद (पूर्ण नाव), (वाडीचे नाव), सध्या राहणार दिवा, यांचे बुधवार, दि. … रोजी वयाच्या ४६व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या मागे आई, पत्नी, मुलगी, मुलगा, भाऊ-भावजय असा परिवार आहे. पुढील कार्य गावी राहत्या घरी होत आहे.
>
> मंडळातर्फे शोकसभा रविवार, दि. … रोजी सायंकाळी ५ ते ६ या वेळेत (ठिकाण) येथे होईल. सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.
>
> — चिटणीस, (फोन)

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. वाडीचं नाव हवंच, कारण एका गावात एकाच नावाची तीन माणसं असतात आणि चुकीच्या घरी फोन जातात. मृत्यूचं कारण मी लिहिलेलं नाही. घरच्यांनी सांगितलं तर लिहा, नाहीतर ‘निधन झाले’ पुरतं. इमारतीचा पत्ता आणि खोली क्रमांक अजिबात देऊ नका. घर तेरा दिवस बंद आहे, हे तुमच्याच सूचनेतून कळतंय, आणि सूचना कुठवर जाईल ते तुमच्या हातात नाही. फोनही तुमचाच द्या, वहिनींचा नाही. गेल्या आठवड्यापासून तो वाजतच असेल.

आणखी एक. तुमच्याकडचे काही ज्येष्ठ वहिनींच्या नावापुढे ‘गं.भा.’ लिहायला सांगतील, शोकप्रस्तावात तर नक्कीच. लिहू नका. गेल्या आठवड्यापर्यंत त्या ‘सौ.’ होत्या, आज मंडळाने छापील कागदावर त्यांचं वैधव्य जाहीर करायची काही गरज नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ग्रामपंचायत करू शकते तर ग्रामस्थ मंडळालाही जमेल. ‘श्रीमती’ लिहा, नाहीतर नुसतं नाव लिहा. मृताच्या नावापुढे काय लावायचं तेही घरावर सोडा. ‘कै.’ सगळ्यांचं नसतं. आमच्या मंडळात बौद्धवाडीतली कुटुंबं आहेत, तिथे ‘कालकथित’ लिहितात आणि कार्याला जलदान विधी म्हणतात. चिटणीसाने सवयीने ‘कै.’ टाइप केलं की ते त्या घराला लागतं, बोलत कुणी नाही.

शोकसभा तासाभराचीच असू दे. बोलणारे तीन जण आधी ठरवा आणि त्यातला एक मंडळाबाहेरचा घ्या. बस चालवायचा म्हणता, तर त्याच्या कंपनीतला एखादा ड्रायव्हर बोलवा. घरच्यांनी न ऐकलेलं काहीतरी त्याच्याकडेच असेल. मग अध्यक्षांनी शोकप्रस्ताव वाचायचा, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची आणि सभा संपली. घरच्यांना पुढे खुर्च्यांवर सभेकडे तोंड करून बसवू नका. त्यांना पहिल्या रांगेत, कडेला, उठून जाता येईल अशा जागी बसवा. प्रस्ताव इतिवृत्ताच्या वहीत लिहायचा आणि अध्यक्ष-चिटणीसांच्या सहीची एक प्रत पाकिटात घालून घरी द्यायची. प्रस्तावात ‘मनमिळाऊ व परोपकारी’ लिहून भागवू नका. त्यात एक तरी गोष्ट त्याचीच हवी. आमच्याकडच्या एका प्रस्तावात होतं: ‘शिमग्याला गावी जाणाऱ्या बसची यादी दरवर्षी त्यांनी आपल्या हाताने लिहिली आणि खिडकीची जागा म्हाताऱ्यांना दिली.’ त्या माणसाच्या मुलीने तो कागद लॅमिनेट करून ठेवलाय, मी पाहिलाय.

सभेत एक प्रसंग हमखास येतो, त्याची तयारी ठेवा. बोलता बोलता कुणीतरी भरून येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘माझ्यातर्फे पाच हजार.’ त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा उठतो, तिसरा उठतो, आणि मागे बसलेला रोजंदारीवरचा माणूस मान खाली घालतो. समोर वहिनी बसलेल्या असतात. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की पहिला उठला की लगेच, शांतपणे म्हणायचं, ‘मदतीविषयी मंडळ वेगळं कळवणार आहे, आज आपण फक्त आठवणी सांगू या.’ पहिल्यालाच थांबवावं लागतं. तिसऱ्याला थांबवलं तर तो अपमान होतो.

आता पैशांचं. वहिनी परतल्या की दोघांनी घरी जावं, त्यातली एक बाई असावी, समितीत नसली तरी चालेल. दिराला कळवून जा, पण बोलणं वहिनींशी करा. विचारायचं एवढंच: मंडळातल्या काही जणांना मदत करायची इच्छा आहे, तुम्हाला चालेल का? त्या नको म्हणाल्या तर तिथे विषय संपला, दुसरी सूचना निघणारच नाही. लगेच उत्तर देऊ नका, दोन दिवसांनी सांगा, असंही म्हणा. मी अकरा वर्षं आमच्या मंडळाची खजिनदार होते. त्या काळात दोन घरांनी नको म्हटलं, आणि एका घराने पैसे नकोत पण मुलाच्या बारावीच्या क्लासचं कुणी बघेल का, असं विचारलं. न विचारता सूचना काढली असती तर आम्ही त्यांच्या हातात पैसे कोंबून मोकळे झालो असतो.

पैसे कुठे जावेत हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न, म्हणून त्यावर थोडं थांबते.

मयताचा नंबर कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. त्याचं यूपीआय त्याच्या बँक खात्याला जोडलेलं आहे. बँकेला मृत्यू कळला की ते खाते थांबतं. त्यानंतर आलेली रक्कम बँक ‘खातेदार मयत’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याला परत करू शकते, आणि त्याआधी आलेली रक्कम त्याच्या इतर शिलकीत मिसळते. ती मिळवायला वारसदार म्हणून अर्ज, मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन असेल तर त्याची कागदपत्रं, नसेल तर वारसांच्या सह्या, हे सगळं करावं लागतं. आज दिलेला पैसा मुलांच्या फीला महिन्यांनी मिळेल. खाते नवराबायकोचं एकत्र असेल आणि दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेल्याने चालवायचं असं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते पासबुक पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका.

भावाचा नंबरही नको. त्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. अंत्यसंस्काराचा, गाडीचा, गावच्या कार्याचा खर्च बहुतेक त्यानेच केला असेल आणि त्यातले काही वळते करून घ्यायचा विचारही असेल, जो रास्त असू शकतो. पण तो हिशेब त्या दोन घरांच्या आतला आहे. मंडळाने पैसे भावाकडे दिले की त्या हिशेबात मंडळ पडलं, आणि पुढे वहिनींनी एक शब्द विचारला तरी तो दिरावर संशय ठरतो. भावाला समजवायचं तर असं म्हणा, ‘दादा, उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवू नये, म्हणून पैसे थेट वहिनींच्या खात्यात जाऊ देत. चौकशीला तुमचं नाव राहू दे.’ बहुतेक भाऊ यावर सुटकेचा श्वास टाकतात.

राहिलं मंडळाचं खाते. तिथे पैसे घेतले तर ते मंडळाच्या जमाखर्चात येतात, लेखापरीक्षणात येतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबातही दिसतात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्याचा पैसा घटनेत लिहिलेल्या उद्दिष्टांवरच खर्च करता येतो. घटनेत ‘सभासदांना आपत्कालीन साह्य’ असं काही असेल तर ठीक, नसेल तर एका घराला लाखभर रुपये देणं लेखापरीक्षक विचारणारच. मंडळाकडे ८०जी असलं तरी या पैशांची करसवलतीची पावती कुणाला देऊ नका. हे एका ठरावीक कुटुंबाला दिलेलं आहे, न्यासाला दिलेलं दान नाही.

म्हणून थेट वहिनींचं खाते. मात्र सूचनेत टाकण्याआधी त्यांच्याबरोबर बसून पासबुक बघा. ते चालू आहे ना? दोन वर्षांत काहीच व्यवहार नसतील तर बँकेने ते निष्क्रिय केलेलं असू शकतं. केवायसी पूर्ण आहे ना? पुरेशी कागदपत्रं न देता उघडलेलं ‘छोटं खाते’ असेल तर त्यात एका वर्षात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर राहू शकत नाही. पन्नास माणसांनी पैसे टाकले आणि पुढच्या सगळ्यांचे परत आले, तर सगळीकडे कुजबुज सुरू होते. शाखेत जाऊन आधार-पॅन देऊन ते साधं बचत खाते करून घ्यायचं. एका फेरीचं काम आहे, एखादा तरुण कार्यकर्ता बरोबर द्या.

कराचंही सांगते, कारण हे बहुतेक मंडळांना ठाऊक नसतं. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली, तर ती सगळीच्या सगळी, फक्त वरची नाही, त्या व्यक्तीचं उत्पन्न धरली जाते. लग्नात मिळालेल्या पैशाला यातून सूट आहे, मृत्यूनंतर शेजाऱ्यांनी दिलेल्याला तशी सर्वसाधारण सूट नाही. कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांसाठी सरकारला म्हणूनच वेगळी तरतूद करावी लागली होती, इतरांकडून मिळालेल्या १० लाखांपर्यंत. दीर, भाऊ, बहीण, सासरे यांनी दिलेलं यात मोजत नाहीत. आता घाबरू नका. वहिनींना दुसरं उत्पन्न नसेल आणि मंडळातून दीड लाख आले, तर नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणजे भरायचं काही नाही. विम्याचे पैसे आले तर मृत्यूदाव्याची रक्कम त्यात धरली जात नाही. पण वहिनी नोकरी करत असतील, किंवा रक्कम मोठी होणार असेल, तर आधी एखाद्या सीएला विचारा. आणि कुणी कुणी दिलं याची यादी वहिनींकडे असू दे, पुढे विचारणा झालीच तर तीच उपयोगी पडते.

आता दुसरी सूचना, वहिनी हो म्हणाल्यावर:

> सप्रेम नमस्कार,
>
> आपले दिवंगत सभासद (नाव) यांच्या कुटुंबाला ज्यांना स्वेच्छेने आर्थिक साह्य करायचे असेल, त्यांनी ते थेट त्यांच्या पत्नीच्या बँक खात्यात जमा करावे. कुटुंबाच्या संमतीने ही माहिती देत आहोत.
>
> खात्यावरील नाव: … बँक व शाखा: … खाते क्रमांक: … आयएफएससी: …
>
> पैसे पाठवण्याआधी पडद्यावर हेच नाव दिसते याची खात्री करावी. रोख देऊ इच्छिणाऱ्यांनी खजिनदारांकडे पावती घेऊन द्यावे. दि. … नंतर मंडळ रोख स्वीकारणार नाही.
>
> देणाऱ्यांची नावे किंवा रकमा मंडळ कोठेही जाहीर करणार नाही.
>
> — अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार

‘पडद्यावर हेच नाव दिसते’ ही ओळ ठेवाच. अशा सूचना पुढे पुढे जातात आणि वाटेत कुणी खाते क्रमांक बदलला तर कळत नाही. यूपीआयवर पैसे जाण्याआधी बँकेतलं नाव दिसतं, तिथे फसवणूक पकडता येते. म्हणून नाव बँकेत जसं आहे तसंच लिहा. खात्यावर माहेरचं नाव असेल तर माहेरचंच, नाहीतर लोक अडतील आणि तुम्हाला पन्नास फोन येतील. ही सूचना सभासदांना एकेकट्याने पाठवा. १८० कुटुंबं आहेत, दोन जणांनी वाटून घेतलं तर एका संध्याकाळचं काम आहे. ग्रुपवर टाकली की खाली ‘दिले’, ‘दिले’ असे अंगठे सुरू होतात, आणि ज्याने अंगठा दिला नाही तो उघडा पडतो.

‘किमान ₹१,०००’ का नको, हे समितीला पटवायला तुम्हाला कारण लागेल. ‘यथाशक्ती’ म्हणजे माझ्या शक्तीप्रमाणे, आणि ती मी ठरवणार. पुढे ‘किमान’ आलं की माझी शक्ती समितीने ठरवली. ज्याला ₹२०० देता आले असते तो लाजेने काहीच देत नाही, आणि ज्याने ₹५,००० दिले असते तो हजारावर थांबतो, कारण कागदाने त्याला हजार हा भाव सांगितला. दोन्हीकडून घराचंच नुकसान होतं.

यादीचं कारण याहून खोल आहे. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात, कारण तो परत करायचा असतो. मयताच्या घरी दिलेले पैसे रकमेसह जाहीर झाले की ते आहेरच होतात. वहिनींच्या डोक्यावर १८० घरांची परतफेड बसते. पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला, ‘त्यांनी आपल्याला किती दिले होते’ हे बघून पाकीट भरावं लागेल, आणि तेही एकटीच्या पगारात. वाडीत कुणी गेलं की घराघरातून लाकूड यायचं. कुणाच्या घरचं किती, ते कुणी मोजून ठेवत नसे. फक्त नावं, रकमेशिवाय, छापू का, असंही तुम्हाला कुणी विचारेल. तेही नको, कारण जे नाव यादीत नाही ते सगळ्यांना दिसतं.

रोख रकमेबाबत मात्र कडक राहा, मागचं भांडण बहुधा इथेच झालं असणार. आमच्याकडे तसं झालं, आणि तेव्हा खजिनदार मीच होते. मी रोख घेऊन डायरीत पेन्सिलीने लिहीत गेले. डायरीप्रमाणे जमले ₹८६,५००. घरी पोचवले ₹८३,०००. साडेतीन हजार कुठे गेले, यावर दोन महिने लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. शेवटी सापडलं ते असं: सात जणांनी मदतीबरोबरच वार्षिक वर्गणीचे ₹५०० माझ्या हातात दिले होते. डायरीत मी ते एकत्र लिहिले आणि बँकेत वर्गणी म्हणून वेगळे भरले. सात पाचशे, साडेतीन हजार. पैसा बरोबर होता, लिहिणं चुकलं होतं. ज्या घरासाठी हे केलं त्या घरी ही कुजबुज पोचली होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आम्ही या पैशांचं वेगळं पावती पुस्तक ठेवतो, त्यावर ‘कुटुंब साह्य – मंडळाची जमा नाही’ असा शिक्का. पावतीच्या स्थळप्रतीवर देणाऱ्याची सही. वर्गणी त्याच वेळी दिली तरी दुसऱ्या पुस्तकातली दुसरी पावती. जमलेली रोख त्याच किंवा दुसऱ्या दिवशी भरणा चिठ्ठीने वहिनींच्याच खात्यात, खजिनदाराच्या खात्यात एक रात्रही नाही. मुदत तीन आठवडे पुरे. मुदत संपली की खजिनदार आणि आणखी एक जण पावत्यांची बेरीज भरणा चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात, पुस्तक आणि चिठ्ठ्या वहिनींना देतात आणि पोच घेतात. समितीला एकच वाक्य कळवायचं, की रोख आलेली सगळी रक्कम कुटुंबाकडे पोचली. एकूण आकडाही आम्ही सभेत सांगत नाही. खात्यात थेट किती आले ते तर मंडळाला कळायचं कारणच नाही. आठवण करणारा संदेश मुदतीत एकही पाठवत नाही. तुमच्या समितीला हे जड जाईल. निदान एकावर थांबवा.

कुणीतरी सुचवेल की पैसे मुलांच्या नावाने ठेव म्हणून ठेवा, वहिनी खर्च करून टाकतील. हे बोलू देऊ नका. घरभाडं थकलं असेल तर मुलांच्या शिक्षणाआधी ते द्यावं लागतं. ज्यांना फक्त शिक्षणासाठी द्यायचंय त्यांनी शाळेची फी परस्पर भरावी, वहिनींना विचारून.

घरी पासबुक बघायला बसाल तेव्हा आणखी एक गोष्ट बघा, नवऱ्याच्या खात्याच्या पासबुकात. वर्षातून एकदा, मे-जूनच्या सुमाराला, ₹४३६ कापले गेलेत का? ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, मृत्यू कुठल्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. ₹२० कापलेले दिसले तर ती सुरक्षा विमा योजना, पण ती फक्त अपघातासाठी असते, हृदयविकाराला लागू नाही. कितीतरी घरांना हा विमा होता हेच ठाऊक नसतं, कारण खाते उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते. दावा त्याच बँकेत करायचा, लवकर करायचा. कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा आणि कुटुंबाचं निवृत्तिवेतन वेगळं असतं, त्यासाठी कंपनीच्या कार्यालयात मंडळातल्या कुणीतरी बरोबर जावं. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे ₹२०,००० तहसील कार्यालयातून मिळतात, कमावत्या माणसाचं वय ५९च्या आत असेल तर. या सगळ्याला मृत्यूचा दाखला लागतो. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती झालीय का ते भावाला आजच्याच फोनवर विचारा आणि दाखल्याच्या सात-आठ प्रती काढायला सांगा. १८० घरांकडून जमेल त्यापेक्षा कदाचित या एका ₹४३६च्या नोंदीतून जास्त मिळेल.

मंडळात पुढे एक ठराव मात्र करून ठेवा, या प्रसंगात नाही, पुढच्या वार्षिक सभेत. मागच्या सभासदाच्या वेळी किती जमले आणि या वेळी किती जमले, ही तुलना होणारच. बस चालवणाऱ्याला सगळे ओळखतात. एखादा गप्प, कमी येणारा सभासद गेला तर त्याच्या घरी निम्मेही जमणार नाहीत, आणि त्याच्या बायकोला ते कळेल. घटनेत बसत असेल तर मंडळाच्या निधीतून कुठल्याही सभासदाच्या मृत्यूनंतर सारखीच एक रक्कम, आठ दिवसांच्या आत, धनादेशाने, असं ठरवा. घटनेत नसेल तर घटनादुरुस्ती करा आणि ती धर्मादाय कार्यालयात नोंदवून घ्या. वर कुणी स्वतःहून काय देतो, त्यात मग मंडळाला पडावं लागत नाही.

आज रात्री पहिली सूचना जाऊ दे. पाठवण्याआधी भावाला फोनवर वाचून दाखवा, नावाचं शुद्धलेखन, वय आणि वाडी त्याच्याकडून पक्की करून घ्या. आई हयात आहे, तिचं नाव मागे राहिलेल्यांत पहिलं घ्या.